जनगणनेची जुनी कोष्टके आणि बेरजेची रेघ

प्रति,
अर्थशास्त्र, इतिहास व लोकसंख्याशास्त्र विभागांचे प्रमुख,
महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठे

विषय: जनगणना अहवालांतील कोष्टकांचे स्वयंसेवकांच्या हातून संगणकीकरण

महोदय / महोदया,

मुंबई इलाख्याच्या 1901, 1911 आणि 1921 सालच्या जनगणना अहवालांची पाने स्कॅन होऊन अभ्यासकांच्या हाती आली, त्याला आता बराच काळ लोटला आहे. पण स्कॅन केलेले पान म्हणजे आकड्यांचे छायाचित्र असते आणि छायाचित्रातल्या आकड्यांची बेरीज करता येत नाही. ते आकडे स्प्रेडशीटमध्ये उतरवण्यासाठी विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, बँकांतून निवृत्त झालेले कर्मचारी अशा स्वयंसेवकांची मदत घ्यावी, हा विचार अनेक विभागांत होत असतो. माणसे मिळतातही. मात्र पहिल्या बैठकीत पाने वाटून दिली जातात, प्रत्येक जण आपल्या पद्धतीने आकडे उतरवतो आणि काही महिन्यांनी संयोजकाच्या हाती परस्परांशी न जुळणाऱ्या फायलींचा ढीग येतो. हे पत्र पाने वाटण्याच्या आधी ठरवावयाच्या गोष्टींविषयी आहे आणि त्यातील मुख्य म्हणणे असे, की कामाचे तुकडे पानाच्या कडेवर न पाडता कोष्टकातील बेरजेच्या रेघेवर पाडावेत, कारण छापील बेरीज हा या कामातला सर्वांत स्वस्त मुद्रितशोधक आहे. आणि ही बेरीज जे पाहू शकत नाही तेवढ्यासाठीच माणसाची तपासणी राखून ठेवावी.

म्हणणे मोघम राहू नये म्हणून येथे एकच कोष्टक घेतले आहे. या तिन्ही जनगणनांच्या अहवालांत, सर्व प्रांतांसाठी एकाच क्रमाने छापलेली जी ‘इंपीरियल टेबले’ आहेत, त्यांतले सातवे कोष्टक वय, लिंग आणि वैवाहिक स्थिती यांचे आहे. त्यात डावीकडे वयोगट असतात आणि उजवीकडे एकूण लोकसंख्या, अविवाहित, विवाहित व विधवा-विधुर असे चार गट, प्रत्येक गटाखाली व्यक्ती, पुरुष आणि स्त्रिया असे तीन रकाने, म्हणजे एकंदर बारा रकाने असतात. बालविवाहाचे प्रमाण, विधवांची संख्या, दुष्काळ व साथींनंतर बदललेली वयोरचना अशा प्रश्नांचा अभ्यास या एका कोष्टकावर उभा राहू शकतो. उदाहरणापुरते असे धरावे, की प्रत्येक जिल्ह्यासाठी सर्व धर्म मिळून एक आणि निरनिराळ्या धर्मांचे चार, असे पाच खंड उतरवायचे आहेत आणि प्रत्येक खंडात सात वयोगट व एक एकूण, अशा आठ ओळी आहेत. ओळ आणि रकाना जेथे छेदतात त्या जागेला या पत्रात ‘घर’ म्हटले आहे. त्या हिशेबाने एका खंडात 96 घरे होतात.

जिल्ह्यांची संख्या मात्र तिन्ही वर्षी सारखी नाही, आणि येथेच पहिला घोळ होण्याचा संभव असतो. इलाख्यातील मराठीभाषक भाग आणि मुंबई शहर एवढेच घेतले तर 1901 साली दहा जिल्हे भरतात; 1906 साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाल्यामुळे 1911 साली अकरा होतात; 1920 साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा निघाल्यामुळे 1921 साली बारा होतात. तिन्ही मिळून तेहतीस जिल्हा-नोंदी, त्यांचे प्रत्येकी पाच खंड, म्हणजे 165 तुकडे आणि 15,840 घरे, एवढे हे काम आहे. विदर्भ मध्य प्रांत व वऱ्हाड यांच्या अहवालांत आणि मराठवाडा हैदराबाद संस्थानाच्या अहवालात असल्यामुळे संपूर्ण महाराष्ट्र हवा असेल तर काम बरेच वाढते, आणि तेव्हा संकेत आधी ठरलेले नसतील तर निरनिराळ्या अहवालांचे वेगवेगळे संच तयार होतात, जे पुढे कोणालाही एकत्र लावता येत नाहीत.

आता बेरजेच्या रेघेचा अर्थ पाहता येईल. अहवालाचे पान कोठे संपावे हे छापखान्याने कागदाच्या आकारावरून ठरवलेले असते. त्यामुळे एखाद्या जिल्ह्याच्या वयोगटांच्या चार ओळी एका पानावर आणि उरलेल्या पुढच्या पानावर, असे सहज घडते. पानागणिक काम वाटले तर हा जिल्हा दोन स्वयंसेवकांत विभागला जातो आणि त्या दोघांपैकी एकाजवळही पूर्ण बेरीज नसते, त्यामुळे आपले काम जुळले की नाही हे त्यांना स्वतःला कळण्याचा मार्गच उरत नाही. त्याउलट एका जिल्ह्याचा एका धर्माचा एक खंड, मग तो दीड पानावर पसरलेला का असेना, एका व्यक्तीकडे दिला, तर तिच्या हातातल्या तुकड्यात बेरजा पूर्ण बंद होतात. व्यक्ती म्हणजे पुरुष अधिक स्त्रिया, हे प्रत्येक ओळीत चारदा तपासता येते. एकूण लोकसंख्या म्हणजे अविवाहित अधिक विवाहित अधिक विधवा-विधुर, हे प्रत्येक ओळीत तीनदा. आणि सात वयोगटांची बेरीज ‘एकूण’ ओळीशी बाराही रकान्यांत. शंभराहून थोडी कमी घरे उतरवणे हे एका बैठकीत संपणारे काम आहे, आणि बैठकीतच संपणे महत्त्वाचे असते, कारण अर्धवट ठेवलेल्या तुकड्यात दुसऱ्या दिवशी एखादी ओळ गाळली जाण्याचा किंवा दुबार येण्याचा धोका अधिक असतो.

एक उदाहरण करून दाखवणे बरे. पुढील आकडे केवळ समजावण्यासाठी रचलेले आहेत, कोणत्याही अहवालातले नाहीत. 15 ते 20 या वयोगटाच्या ओळीत एकूण व्यक्ती 9412, त्यांत पुरुष 4876 व स्त्रिया 4536. अविवाहित 3318, त्यांत पुरुष 2961 व स्त्रिया 357. विवाहित 5862, त्यांत पुरुष 1838 व स्त्रिया 4024. विधवा-विधुर 232, त्यांत पुरुष 77 व स्त्रिया 155. स्प्रेडशीटमध्ये वयोगट पहिल्या रकान्यात, आकडे B पासून M पर्यंतच्या बारा रकान्यांत, वयोगटांच्या ओळी 5 ते 11 आणि ‘एकूण’ बाराव्या ओळीत असे धरले, तर ही ओळ आठवी येते आणि तिच्यातील विवाहित पुरुषांच्या घरावर, म्हणजे I8 वर, तीन सूत्रांची नजर राहते:

```
=SUM(H8)-SUM(I8:J8)
=SUM(C8)-SUM(F8,I8,L8)
=SUM(I12)-SUM(I5:I11)
```

सर्व बरोबर असेल तर तिन्हींचे उत्तर शून्य येते. स्वयंसेवकाने 1838 ऐवजी 1338 टंकित केले, तर तिन्ही उत्तरे 500 येतात आणि ज्या एकाच घरात ती तिन्ही एकत्र येतात ते घर I8 आहे, हे पान पुन्हा न वाचताही कळते. फरक पाच, पन्नास, पाचशे असा आला तर बहुधा पुसट छपाईत 8 चा 3 किंवा 3 चा 8 वाचला गेलेला असतो. फरकाला नऊने भाग जात असेल तर शेजारचे दोन अंक उलटे पडले असण्याची शक्यता प्रथम पाहावी, जसे 4536 चे 4563 झाले तर फरक 27 येतो. हा दुसरा ठोकताळा हिशेबनीसांच्या जुन्या शिदोरीतला आहे आणि बँकेतून निवृत्त झालेल्या स्वयंसेवकांना तो सांगावा लागत नाही. तिन्हींपैकी एकच सूत्र फसले आणि उरलेली दोन जुळली, तर चूक त्या घरात नसून त्या एका सूत्रातल्या दुसऱ्या एखाद्या घरात शोधावी.

येथे एखादा चतुर स्वयंसेवक असे सुचवतो, की 96 घरांपैकी सात वयोगट, तीन वैवाहिक स्थिती आणि दोन लिंगे यांची 42 घरेच स्वतंत्र आहेत, उरलेली 54 त्यांच्या बेरजेने मिळतात, मग ती टंकित कशाला करायची? गणित अचूक आहे, तरीही सूचना नाकारावी. उरलेली 54 घरे हाताने उतरवली म्हणूनच पहिल्या 42 ना साक्षीदार मिळतात; ती सूत्राने भरली तर प्रत्येक बेरीज जुळेल, कारण ती जुळवूनच लिहिलेली असेल, आणि 1338 हा आकडा कोणाच्याही लक्षात न येता शोधनिबंधात पोहोचेल. वाचलेले श्रम निम्म्याहून अधिक आणि गमावलेला पुरावा संपूर्ण, असा हा सौदा आहे.

ब्रिटनमधील ‘रेनफॉल रेस्क्यू’ या उपक्रमातही छापील वा लिखित बेरजेचा असा उपयोग झाला. रीडिंग विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी मार्च 2020 मध्ये, टाळेबंदीत घरी बसलेल्या लोकांना आवाहन करून, पावसाच्या जुन्या हस्तलिखित पत्रकांतील मासिक नोंदी उतरवून घेतल्या. सुमारे सोळा हजार स्वयंसेवकांनी बावन्न लाखांच्या आसपास नोंदी काही आठवड्यांतच टंकित केल्या. प्रत्येक नोंद एकाहून अधिक व्यक्तींनी स्वतंत्रपणे उतरवावयाची होती आणि पत्रकावर बारा महिन्यांखाली वर्षाची बेरीज लिहिलेली असल्यामुळे उतरवलेले महिने तिच्याशी ताडून पाहता आले. या उदाहरणाचे आकडे ऐकून अनेकदा सोळा हजार या संख्येचे कौतुक होते. पण अनुकरण करण्याजोगा भाग तिकडे नाही. टंकन आठवड्यांत आटोपले, तर न जुळणाऱ्या नोंदी निस्तरण्याचे काम त्यानंतर दीर्घकाळ थोड्याशा चिकाटीच्या माणसांनी केले. आपल्या विभागाने वेळापत्रक आखताना हे प्रमाण ध्यानात ठेवावे.

एकच घर दोघांनी उतरवून ताडण्याच्या पद्धतीला दुहेरी टंकन म्हणतात. ज्या कोष्टकात बेरजा नाहीत किंवा तुटक आहेत तेथे तिला पर्याय नाही. पण सातव्या कोष्टकासारख्या बेरजांनी विणलेल्या कोष्टकात ती दुप्पट मजुरी ठरते, शिवाय पुसट 8 दोघांनाही 3 दिसू शकतो आणि दोघांचे एकमत झाले म्हणजे आकडा बरोबर, असे होत नाही. बेरजेला डोळ्यांचा हा दोष नसतो.

संकेत, म्हणजे सर्वांनी सारखेच पाळावयाचे उतरवण्याचे नियम, थोडे आणि लेखी असावेत. त्यांतला पहिला हा, की जे छापले आहे तेच उतरवायचे, बरोबर काय असावे ते नव्हे. अहवालातही छपाईच्या चुका आहेत. काही चुकांची दुरुस्ती ग्रंथाच्या आरंभी किंवा शेवटी जोडलेल्या शुद्धिपत्रात सापडते, काहींची कोठेच सापडत नाही. बेरीज न जुळणारा आकडा खरोखरच तसा छापलेला असेल तर तो तसाच ठेवून शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात ‘मुळात असेच’ असे लिहावे आणि सुचणारी दुरुस्ती तिसऱ्या, वेगळ्या रकान्यात द्यावी, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला ती मान्य करण्याची वा नाकारण्याची मोकळीक राहते. बेरजांची सूत्रे स्वयंसेवकाला दिसू द्यावीत की नाहीत, याविषयी दोन मते आहेत. दिसली तर शून्य येईपर्यंत आकडा वाकवण्याचा मोह होतो, न दिसली तर पान समोर उघडे असताना चूक दुरुस्त करण्याची संधी जाते. प्रस्तुत पत्राचा कौल सूत्रे दाखवण्याकडे आहे, पण एका अटीवर: न जुळलेला तुकडा शेऱ्यासह परत करणे हे काम पूर्ण केल्यासारखेच मानले जाईल, हे प्रारंभीच स्पष्ट सांगितलेले असावे. जेथे शून्याचीच अपेक्षा केली जाते तेथे शून्येच मिळतात.

दुसरा संकेत रिकाम्या दिसणाऱ्या घरांचा. छापील कोष्टकात टिंबे असतील तर त्यांचा अर्थ त्या वर्गात कोणी नाही असा असतो. घर कोरे राहिले असेल तर अर्थ निश्चित नसतो. आणि शाई उडाली असेल तर आकडा आहे पण वाचता येत नाही. या तीन अवस्थांना तीन खुणा हव्यात, उदाहरणार्थ टिंबांसाठी `..`, कोऱ्या घरासाठी `x` आणि अवाच्यासाठी `?`, आणि तिन्हींपैकी कोठेही स्वतःच्या मनाने 0 लिहू नये. SUM हे सूत्र मजकूर असलेली घरे ओलांडून पुढे जाते, म्हणून या खुणा बेरजेत अडथळा आणत नाहीत. साध्या + चिन्हाने बेरीज केली तर मात्र सूत्र चूक दाखवते. पण SUM चा हाच सौम्य स्वभाव धोक्याचाही आहे, कारण शून्याऐवजी इंग्रजी O अक्षर पडले, आकड्याच्या मागेपुढे वेगळ्या प्रकारची मोकळी जागा राहिली किंवा संगणकाने देवनागरी अंकांना मजकूर समजले, तर तो आकडाही बेरजेतून मुकाट्याने वगळला जातो. म्हणून आंतरराष्ट्रीय अंकच वापरावेत, स्वल्पविराम देऊ नयेत, आणि तुकडा बंद करण्यापूर्वी `=COUNT(B5:M12)` या सूत्राने संख्या म्हणून ओळखली गेलेली घरे मोजावीत. खुणांची घरे धरून ती 96 भरली पाहिजेत.

तिसरा संकेत ओळींच्या नावांचा, आणि त्याचे कारण ऐकायला गमतीचे असले तरी निस्तरायला नाही. स्प्रेडशीटमध्ये वयोगट 5-10 असा टंकित केला की अनेकदा संगणक त्याला तारीख समजतो आणि तो पाच ऑक्टोबर किंवा दहा मे होऊन बसतो. 10-15 चेही असेच काही होऊ शकते, तर 15-20 आणि 20-40 सुखरूप राहतात, त्यामुळे घोळ पटकन नजरेस येत नाही. यावर उपाय म्हणून वयोगट, रकान्यांची शीर्षके आणि सूत्रे आधीच भरलेला, पहिला रकाना ‘मजकूर’ या प्रकारात ठेवलेला आणि कुलूपबंद केलेला कोरा नमुना सर्वांना द्यावा, स्वयंसेवकाने त्यात फक्त आकडे भरावेत. अर्थात नमुन्यातच चूक असेल तर ती 165 ठिकाणी जाईल, म्हणून नमुना दोघांनी छापील पानाशी ताडून मगच वाटावा; शिवाय 1911 चा नमुना 1921 ला चालेल असे गृहीत न धरता प्रत्येक जनगणनेसाठी वयोगट पुन्हा पाहावेत. पुढे 1931 पर्यंत काम नेण्याचा विचार असेल तर हे अधिकच आवश्यक ठरते, कारण त्या वर्षी वयाच्या नोंदींवर गुळगुळीत करण्याची गणिती प्रक्रिया करून मग वयोगट छापले गेले आणि तेथील आकड्यांचे स्वरूपच निराळे आहे.

जिल्ह्यांची नावे मुळात जशी छापली आहेत तशीच ठेवावीत. खानदेशाचे आकडे जळगाव आणि धुळे यांत विभागण्याचा, किंवा कुलाब्याला रायगड म्हणण्याचा मोह टंकन करणाऱ्याने टाळावा. जुने नाव आणि आजचा प्रदेश यांची सांगड घालणारी वेगळी यादी एका जाणकाराने करावी, म्हणजे सीमांविषयीचे मत बदलले तरी उतरवलेल्या आकड्यांना हात लावावा लागत नाही.

मागोवा तक्ता, ज्याला बोलताना सर्वच ट्रॅकिंग शीट म्हणतात, तो आकड्यांच्या फायलींपासून वेगळा असावा आणि त्यात तुकड्यागणिक एक ओळ, म्हणजे येथे 165 ओळी, पहिल्या दिवसापासून भरलेल्या असाव्यात. ओळ तुकडा घेतल्यावर निर्माण होत असेल तर जो तुकडा कोणीच घेतला नाही तो तक्त्यात दिसतच नाही. प्रत्येक तुकड्याला `1911_BOM_VII_POONA_2` असा संकेतांक द्यावा, ज्यात वर्ष, अहवाल, कोष्टक, जिल्हा आणि खंड ओळीने येतात, आणि फायलीचे नावही तेच ठेवावे. त्यापुढे पानाचा क्रमांक दोनदा लिहावा, एकदा ग्रंथावर छापलेला आणि एकदा स्कॅन फायलीतला, कारण मुखपृष्ठ व प्रस्तावनेमुळे हे दोन क्रमांक क्वचितच जुळतात आणि ‘पान 84’ एवढ्याच नोंदीवरून दोन माणसे दोन वेगळी पाने उघडून एकमेकांशी वाद घालत बसतात. मग टंकन करणारा, घेतल्याची तारीख, स्थिती, न जुळलेल्या सूत्रांची संख्या, तपासणारा, आणि संकेतांची कोणती आवृत्ती वापरली तो क्रमांक.

हा शेवटचा रकाना सहसा कोणी ठेवत नाही. काम सुरू झाल्यावर प्रश्न निघतातच: टिंबांच्या जागी आडवी रेघ छापली असेल तर काय, तळटीप असलेला आकडा कसा उतरवायचा. संयोजक उत्तर देतो, नियमात भर पडते, आणि आधी झालेले चाळीस तुकडे जुन्या नियमानुसारच राहतात. प्रत्येक भरीला क्रमांक व तारीख असली आणि तुकड्यापुढे आवृत्ती लिहिलेली असली, तर कोणते तुकडे पुन्हा उघडायचे हे क्षणात गाळून काढता येते. नसली तर सगळेच उघडावे लागतात किंवा, बहुधा, एकही उघडला जात नाही.

स्थिती या रकान्यात मोजकेच शब्द असावेत: रिकामा, घेतला, टंकित, जुळला, तपासला, अडला. ‘तपासला’ हा शब्द टंकन करणाऱ्याने स्वतः लिहावयाचा नाही. कोणीही एका वेळी दोनपेक्षा अधिक तुकडे धरून ठेवू नयेत आणि ठरलेल्या मुदतीत, समजा दहा दिवसांत, हालचाल न झालेला तुकडा निमूटपणे परत ‘रिकामा’ करावा. स्वयंसेवकाला त्यात अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून हा नियम व्यक्तीवर न लादता तक्त्यावरच लिहून ठेवणे चांगले. तक्ता पाहताना एक भ्रम टाळावा. दहापैकी नऊ तुकडे झाले म्हणजे दहापैकी नऊ हिस्से काम झाले असे नसते, कारण फाटलेले, बांधणीत दबलेले आणि पुसट स्कॅनचे तुकडे लोक मागे ठेवतात आणि शेवटी ते सर्व एकत्र उभे राहतात. त्यांना ‘अडला’ या स्थितीत आधीच बाजूला काढून, त्याच अहवालाची दुसऱ्या ग्रंथालयातली प्रत शोधण्याचे काम समांतर सुरू ठेवावे.

आता माणसाच्या तपासणीकडे वळता येईल. बेरीज आकडे पाहते, पण त्यांच्यावरची नावे पाहत नाही. 5 ते 10 आणि 10 ते 15 या दोन पूर्ण ओळींची अदलाबदल झाली, तरी वर सांगितलेली सर्व सूत्रे शून्य दाखवतात. अविवाहितांचे तीन रकाने आणि विधवा-विधुरांचे तीन रकाने ‘एकूण’ ओळीसकट उलटे पडले, तरीही शून्यच. साताऱ्याचा खंड सोलापूरच्या नावाच्या फायलीत निर्दोष उतरवला, तर शून्याइतके समाधानकारक उत्तर दुसरे नाही. म्हणून नमुना-तपासणी, म्हणजे सर्व न तपासता काही भाग निवडून पानाशी ताडणे, ही जुळलेल्या तुकड्यांत आकड्यांपेक्षा नावांवर खर्च करावी: फायलीचे नाव व पानाचे शीर्षक, रकान्यांचा क्रम, पहिली आणि शेवटची ओळ, मधल्या दोन ओळी आणि शेऱ्यांतले सर्व ‘मुळात असेच’. काही गोष्टी पान न उघडताही कळतात. 0 ते 5 या वयोगटात अविवाहितांपेक्षा विधवा अधिक निघाल्या तर रकाने फिरलेले आहेत. जिल्ह्याची एकूण लोकसंख्या पहिल्या इंपीरियल टेबलातल्या आकड्याशी आणि धर्मवार बेरीज सहाव्याशी ताडली, तर जिल्ह्यांची व धर्मांची अदलाबदल उघडी पडते, कारण तेथे साक्षीदार बाहेरचा असतो.

प्रत्येक नव्या स्वयंसेवकाचा पहिला तुकडा सबंध तपासावा. गैरसमज असेल तर तो पहिल्याच तुकड्यात असतो आणि पुढच्या प्रत्येक तुकड्यात तसाच उतरतो. त्यानंतर दहात एक तुकडा पुरतो, पण तो कोणता हे तपासणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये, कारण नकळत स्वच्छ पानच उघडले जाते. मागोवा तक्त्यातील ओळींना क्रमांक देऊन `=RANDBETWEEN(1,165)` या सूत्राने यदृच्छ क्रमांक काढावेत आणि ते लगेच स्थिर मूल्य म्हणून चिकटवून ठेवावेत, नाहीतर तक्ता पुन्हा उघडताच निवड बदलते.

अखेरीस संपूर्ण संचाच्या अचूकतेविषयी विधान करायचे असेल तर सर्व 15,840 घरांतून यदृच्छेने 300 घरे काढून ताडावीत. एकही चूक सापडली नाही, तर चुकांचे खरे प्रमाण शेकडा एकपेक्षा कमी आहे असे बऱ्याच भरवशाने म्हणता येते. कारण प्रमाण खरोखर शेकडा एक असते, तर 300 घरांत एकही चूक न सापडण्याची शक्यता शंभरात सुमारे पाचच राहिली असती. तरी शेकडा एक म्हणजे या संचात दीडशेहून अधिक घरे, हे विसरू नये. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. हे गणित चुका सर्वत्र विखुरलेल्या आहेत असे धरून केलेले असते, प्रत्यक्षात त्या एका माणसाच्या किंवा एका पानाच्या आसपास गोळा होतात. एकच उलटा पडलेला तुकडा 300 घरांच्या नमुन्यातून सहज निसटू शकतो. म्हणून हा शेवटचा नमुना पहिल्या तुकड्याच्या पूर्ण तपासणीची किंवा बाहेरच्या कोष्टकाशी ताडण्याची जागा घेऊ शकत नाही, आणि 300 घरांत एखादी चूक सापडलीच तर ती दुरुस्त करून पुढे न जाता तिच्या तुकड्याचा आणि त्या स्वयंसेवकाच्या इतर तुकड्यांचा मागोवा तक्त्यातून शोध घ्यावा.

आपल्या विभागाने हे काम हाती घेण्याचे ठरवले, तर आवाहन काढण्यापूर्वी 1911 च्या अहवालातील पुण्याचा एक खंड दोन व्यक्तींना, एकमेकांशी न बोलता, कोऱ्या नमुन्यात उतरवावयास सांगावे. दोन्ही फायलींत जेथे जेथे फरक पडेल तेथे बहुधा संकेतच अपुरा असेल. तो पुरा करून, आवृत्तीचा क्रमांक देऊन, मग उरलेले 164 तुकडे खुले करावेत.

कळावे,
एक अभ्यासक